लाल यीस्टचा क्रॉस लावण्याआधी काय काय तयार ठेवायचं

बेकर्स यीस्टमध्ये बिघडले की लाल कॉलनी देणारे दोन जीन आहेत, एड१ आणि एड२, दोन्ही अ‍ॅडेनिन बनवण्याच्या एकाच रस्त्यावरचे, आणि नुसतं बघून कोणता बिघडलाय ते कळत नाही. ते क्रॉस लावून कळतं: दोन स्ट्रेनच्या मेटिंगमधून डिप्लॉइड, म्हणजे दोघांचे जीन एकत्र आलेली पेशी, तयार होते, बिघाड वेगवेगळ्या जीनमध्ये असले तर ते एकमेकांची उणीव भरून काढतात आणि कॉलनी क्रीम येते, एकाच जीनमध्ये असले तर लालच राहते. म्हणून नवा लाल म्युटंट हातात आला की पहिल्यांदा त्याचा मेटिंग टाइप बघा, समजा 'ए' निघाला, मग अल्फा टाइपचे तीन टेस्टर काढून ठेवा: एड१, एड२ आणि अ‍ॅडेनिनच्या बाबतीत नॉर्मल असलेला. हा तिसरा लोक हमखास विसरतात, आणि तोच सांगतो की तुमचं म्युटेशन रिसेसिव्ह आहे का. नॉर्मलबरोबरचा डिप्लॉइडसुद्धा लाल आला तर तिथेच थांबा, डॉमिनंट म्युटेशनवर ही टेस्ट चालत नाही.

आता खरी मेख मार्करची. क्रॉस क्रीम रंगाचा आला तर काम झालं, पण लाल आला तर ते एकाच जीनमुळे की मेटिंगच झालं नाही आणि तुम्ही जुने हॅप्लॉइडच बघताय? म्हणून म्युटंटमध्ये हिस३ आणि तिन्ही टेस्टरमध्ये ल्यू२ हे बिघाड आधीच असू द्या, म्हणजे हिस्टिडिन आणि ल्यूसिन दोन्ही नसलेल्या प्लेटवर फक्त डिप्लॉइडच वाढतील. चारही स्ट्रेन एकेकटे त्याच प्लेटवर लावायचेच, ते वाढले नाहीत तरच पुढचं खरं.

या प्लेटमध्ये अ‍ॅडेनिन हवंच, नाहीतर लालवाले वाढणारच नाहीत, पण कमी, लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास, कारण जास्त दिलं की पेशी तो रस्ताच मंदावतात आणि रंग चढत नाही. मेटिंगसाठी साध्या वायपीडी प्लेटवर दोन्ही स्ट्रेन टूथपिकने मिसळून ३० डिग्रीला रात्रभर ठेवायचे, सकाळी सिलेक्शन प्लेटवर न्यायचे, आणि रंग वाचायची घाई नको, २-३ दिवस लागतात, नंतर फ्रिजमध्ये ठेवलं की अजून गडद होतो.

वाचायचं कसं, तर आपला म्युटंट नॉर्मलबरोबर क्रीम, एड२ बरोबर क्रीम आणि एड१ बरोबर लाल, म्हणजे बिघाड एड१ मध्ये. दोन्ही टेस्टरबरोबर क्रीम आला तर तिसरा जीन सापडला म्हणून उड्या मारू नका. एड२ चे काही अलील, म्हणजे त्याच जीनचे वेगवेगळे बिघाड, एकमेकांना थोडंफार सावरून घेतात, तेव्हा त्याच जीनचा वेगळा अलील असलेला अजून एखादा टेस्टर लावून बघा. आणि पेटाइट पेशी, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया बिघडलेल्या, लाल होतच नाहीत, म्हणून पांढऱ्या कॉलन्या ग्लिसरॉलच्या प्लेटवर वाढतात का ते तपासायला एक प्लेट जास्तीची ओतून ठेवा.