देणगीदारांसमोर गोष्ट कुठे थांबवायची

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेत मी निधी उभारायला शिकले. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला आईवडील दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात, ते मार्च-एप्रिललाच परततात. मुलं सोबत गेली की त्यांची शाळा सुटते.

पुण्यातल्या आमच्या पहिल्या कार्यक्रमात 60 पाहुणे होते. बीड जिल्ह्यातल्या एका मुलीची गोष्ट आम्ही फडापासून नर्सिंग कॉलेजपर्यंत सांगितली आणि शेवटी गणवेशातला तिचा फोटो दाखवला. टाळ्या वाजल्या, लोक जेवायला उठले, फॉर्म टेबलावर तसेच राहिले. गोष्टीत सगळं भलं होऊन गेलं होतं, मग पैसे कशाला लागणार होते?

त्याहून मोठी चूक वेगळीच होती. ती मुलगी पहिल्या रांगेत बसून वडिलांच्या दारूबद्दल ऐकत होती. संमतीपत्रावर तिची सही होती, पण मजकूर तिला कुणी वाचून दाखवला नव्हता. ती न जेवता निघून गेली. मी तिची माफी मागितली, पण बोललेलं परत घेता येत नाही.

पुढच्या वर्षी तीच गोष्ट पुन्हा सांगू का, असं मी तिला विचारलं आणि तिच्या होकारानंतर सगळा मजकूर फोनवर वाचून दाखवला. वडिलांचा उल्लेख तिने काढायला लावला, थोरल्या बहिणीच्या लग्नाचाही. “ती ताईची गोष्ट आहे, तिनं सांगायची,” म्हणाली. आम्ही नाव-गाव बदललं आणि बदलल्याचं सभागृहात सांगितलंही. तिला न बोलावता तिच्या आवाजातलं 4 मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकवलं.

या वेळी गोष्ट तिच्या सातवीच्या दिवाळीत थांबली. ट्रॅक्टरमध्ये भांडी चढली आहेत, आजी आजारी, गावात वसतिगृह नाही, आणि आई तिचं दप्तर घरात ठेवायचं की सोबत न्यायचं या विचारात उभी आहे. तिथेच मी मागणी केली: एका मुलाचं राहणं-जेवण रोज 100 रुपये, सहा महिन्यांचे 18,000, आज अशी 40 मुलं प्रतीक्षा यादीत आहेत. पैसे या मुलीला नव्हे, त्या 40 जणांना जातील, हेही तिथेच सांगितलं. एकीच्या नावाने मागून दुसरीकडे खर्च करणं ही फसवणूकच.

मग दोन मिनिटं गप्प राहिले. नवख्या माणसाला ही शांतता सोसत नाही आणि तो बोलून ती मोडतो. तेवढ्यात कार्यकर्ते पेन आणि क्यूआर कोड घेऊन टेबलांपाशी गेले, जेवण त्यानंतर. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, म्हणून मोठ्या रकमा चेकने किंवा यूपीआयने घेतल्या. फॉर्मवर आकडा लिहून पैसे न दिलेल्यांना तीन दिवसांच्या आत फोन केले. आठवडा उलटला की लिहिलेला आकडा माणूस विसरतो.

चौथ्या दिवशी तिचाच फोन आला, “किती जणांचं झालं?” सव्वीस, मी म्हटलं. उरलेल्या चौदांच्या गावांची नावं तिने लिहून घेतली.