बीजगणिताच्या पेपरात अडलात तर

दहावीच्या गणित भाग १ चा पेपर 40 गुणांचा आणि वेळ 2 तास, म्हणजे एका गुणाला 3 मिनिटं. शेवटची 15 मिनिटं तपासायला ठेवली, तर 4 गुणांच्या उदाहरणाला साधारण 10 मिनिटं मिळतात. 10 मिनिटं झाली आणि उत्तर येत नाही? खाली अर्धं पान कोरं सोडा आणि पुढचं घ्या. लिहिलेल्या पायऱ्या मात्र खोडू नका. उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांना गुण मिळू शकतात, खोडलेल्याला कोण देणार!

राखलेल्या वेळात आधी चिन्हं बघा. येणारी मुलंसुद्धा तिथेच घसरतात. समजा, x² + 2x − 35 = 0 सोडवलं. अवयव (x − 5)(x + 7) बरोबर पाडले, पण घाईत मुळं −5 आणि 7 लिहिली. कंसातलं चिन्ह तसंच खाली उतरलं, बाकी काही नाही. पडताळा घ्या: x = 7 ठेवल्यावर 49 + 14 − 35 = 28 येतं, शून्य नाही. x = 5 ठेवा: 25 + 10 − 35 = 0. म्हणजे मुळं 5 आणि −7. सगळं मिळून अर्धं मिनिट लागतं.

घरी सराव करताना घड्याळ प्रत्येक पेपरला लावायची गरज नाही. आठवड्यातून एकदा पुरे. एरवी निवांत सोडवा, पण पडताळा प्रत्येक वेळी घ्या.