घड्याळातला पेस उड्या मारतो तेव्हा

सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं घेत धावताना आपण सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटर जातो. जीपीएस तिथे एखाद्या मीटरने जरी चुकलं, तरी झाडांखाली ५:२० आणि पुढच्या वळणावर ६:४० दिसतं. पाय तेच असतात!

१. स्क्रीनवर चालू पेसऐवजी लॅप पेस, म्हणजे चालू टप्प्याची सरासरी ठेवा; ऑटो लॅप १ किमी, म्हणजे दर किलोमीटरला नवा टप्पा आपोआप सुरू होतो. लॅपचे पहिले शंभरेक मीटर मात्र तोही डळमळतो.

२. स्मूदिंग, म्हणजे मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवणं, वाढवलं की आकडा शांत होतो, पण उशिरा बदलतो. ३० सेकंदांच्या इंटरव्हलला त्याचा उपयोग नाही; तिथे ट्रॅक आणि लॅपचं बटण बरं.

३. आपण थांबलो की वेळ आपोआप थांबवणारा ऑटो पॉज रस्त्यावरच्या सिग्नललाच ठीक. दाट झाडीत किंवा चढावर चालताना घड्याळ आपण थांबलो असं समजतं, वेळ गळतो आणि सरासरी फुकट सुधारते.

शर्यतीत ऑटो पॉज बंदच ठेवा, धावपटूची वेळ नोंदवणाऱ्या चिपचं घड्याळ पाण्याच्या स्टॉलवर थांबत नाही.