जेवणासह मीटिंग ठरवताय? पाहुण्यांना विचारताना या चुका टाळा

रत्नागिरीत काजू व्यापाऱ्यांच्या बैठका जमवायचं काम माझ्याकडे असतं. बैठक अकराला बसते, दीडला पानं वाढली जातात आणि भावाचं खरं बोलणं जेवण झाल्यावर होतं. जेवण शेजारच्या खानावळीतल्या काकी करतात.

मार्गशीर्षातली गोष्ट. बैठक बुधवारी होती. नऊ माणसं, त्यातली दोन शाकाहारी. सुरमईचं कालवण, तळलेले तुकडे, कोळंबीचं सुकं, आणि त्या दोघांसाठी वालाचं बिरडं असं काकींना सांगून झालं होतं. मंगळवारी कोल्हापूरच्या खरेदीदाराचं दुसरं काम निघालं आणि बैठक एक दिवस पुढे गेली. मी सगळ्यांना कळवलं, ‘बैठक आता गुरुवारी, वेळ तीच.’ जेवणाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, कारण ते ठरलेलंच होतं.

गुरुवारी पानं मांडल्यावर आणखी तिघांनी मासे नाकारले. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यांच्या घरी त्या दिवशी मासमच्छी होत नाही. दोघांचं बिरडं पाचांत वाटलं गेलं. काकींनी घाईघाईने कुळथाचं पिठलं केलं. कुळथाचं पीठ घरात होतं म्हणून वीस मिनिटांत निभावलं. तरी तिघं ताटकळले आणि कोळंबी उरली.

चूक कुठे झाली हे मला नंतर नीट कळलं. आपल्याकडे माणूस काय खातो हे वाराशी बांधलेलं असतं. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, त्यात संकष्टी, एकादशी, सगळा श्रावण. बुधवारी सुरमई मागून घेणारा माणूस गुरुवारी तिला हात लावत नाही. म्हणून तारीख कळवताना जेवण वगळलं, तर आधी घेतलेली सगळी उत्तरं बाद होतात. संकष्टीला तर चंद्रोदयापर्यंत उपास, म्हणजे त्या दिवशी शाकाहारी जेवणही चालत नाही, फराळाचंच लागतं. साबुदाणा आदल्या रात्री भिजवायला हवा, हे काकींना सकाळी सांगून काय उपयोग?

दुसरी चूक प्रश्नातच असते. ‘व्हेज की नॉनव्हेज?’ एवढंच विचारलं की उत्तर मिळतं, पण स्वयंपाकघराला त्यातून फारसं काही कळत नाही. आमच्या एका खरेदीदाराने ‘व्हेज’ लिहिलं होतं. ते जैन आहेत हे मला माहीत होतं, म्हणून कांदा, लसूण, बटाटा काढायला सांगितला आणि मी निश्चिंत झाले. सोलकढीचं ध्यानातच आलं नाही. काकी लसूण नारळाबरोबरच वाटतात, मग दूध पिळतात. एकदा पिळल्यावर त्यातून लसूण काढता येत नाही. त्यांच्यासाठी पहिल्यापासून वेगळं वाटण हवं, नाहीतर सरळ कोकम सरबत द्यावं. बिरड्याचंही तसंच. काही जैन घरांत मोड आलेलं कडधान्य चालत नाही आणि बिरडं म्हणजे मोड आलेले वालच. धर्मावरून अंदाज बांधू नये, त्या माणसालाच विचारावं.

मी आता तीन शब्दांत विचारते: काय चालत नाही, काय सोसत नाही, काय आवडत नाही. तिन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि स्वयंपाकघरात तिन्हींचं काम वेगळं असतं. आवडत नसेल तर ताटात दुसरा पदार्थ वाढला की झालं. चालत नसेल तर पातेलं आणि डाव वेगळा लागतो, कारण कालवणातला डाव बिरड्यात बुडला तर ते जेवण त्या माणसासाठी संपलं. सोसत नसेल तर तेलसुद्धा वेगळं हवं. कोळंबी तळलेल्या तेलात भजी तळली, तर कोळंबीची ॲलर्जी असलेल्याला ती भजीसुद्धा बाधू शकते. काजूचंही असंच, आणि आमच्या बैठकीत काजू वाटून घातलेला रस्सा कुणी ना कुणी सुचवतोच.

सोसत नाही म्हणणाऱ्याला फोन करून एकच विचारायचं, ‘नुसतं पोट बिघडतं, की अंगावर उठतं, घसा सुजतो, श्वास लागतो?’ पुढचं असेल तर काकींच्या एका ओट्यावर पूर्ण खात्री देता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावं. खानावळीत रोज कोळंबी असते हे कळलं की ते स्वतः ठरवतात. एकांनी घरून डबा आणला, आम्ही तो त्यांच्या पानावर मांडला, कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. हे विचारणं मात्र ग्रुपवर करू नये. मधुमेह, पथ्य, नेम या गोष्टी चारचौघांत लिहायला माणसं संकोचतात आणि मग ‘काहीही चालेल’ असं उत्तर येतं.

‘काहीही चालेल’ हे उत्तर मी मान्य करत नाही. त्यावर पुढचा प्रश्न, ‘सुरमईचं कालवण, कोळंबी आणि बिरडं आहे, यातलं काय नको?’ पदार्थांची नावं समोर आली की खरं उत्तर येतं. बहुतेक वेळा ‘तशी कोळंबी मला नकोच’ असं काहीतरी निघतं.

उत्तराची मुदत मी बिरड्यावरून ठरवते. वाल रात्री भिजवायचे, सकाळी फडक्यात बांधून मोड आणायचे, दुसऱ्या सकाळी सोलायचे. म्हणजे बुधवारच्या जेवणाचे वाल सोमवारी रात्री पाण्यात पडतात आणि उत्तरं सोमवारी दुपारपर्यंत हवीत. मग प्रत्येकाला वेगळा निरोप जातो:

‘नमस्कार. बैठक बुधवारी सकाळी ११ वाजता, जेवण दुपारी दीड वाजता. तुमच्या पानात: बिरडं, तांदळाची भाकरी, भात, वरण, कोकम सरबत. कांदा-लसूण नाही. वार, वेळ आणि जेवण तिन्ही बरोबर असेल तर “बरोबर” असं कळवा. सोबत चालक असेल तर त्यांचं जेवणही सांगा.’

जेवणाची वेळ वेगळी लिहिण्याला कारण आहे. इन्सुलिन घेणारा माणूस जेवणाच्या वेळेप्रमाणे सुई घेतो. ‘अकरा वाजता बैठक’ एवढंच वाचून त्याला काही ठरवता येत नाही. आंबा घाटातून येणाऱ्यांना उशीर होणार असेल, तर सुरमई ते पोचल्यावर तव्यावर टाकायची, पण मधुमेह असलेल्यांचं पान दीडलाच वाढायचं.

मासे खाणाऱ्यांच्या निरोपात ‘सुरमई, न मिळाल्यास बांगडा’ असं लिहिते. सकाळी बंदरावर काय येईल ते आपल्या हातात नसतं, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. बांगडा न खाणारे आधीच कळवतात.

गेल्या खेपेला मंगळवारची बैठक सोमवारवर आली. शुक्रवारी कळलं, त्याच संध्याकाळी हाच निरोप नव्या वाराने, जेवणासकट, सगळ्यांना पुन्हा गेला. शनिवारी दुपारपर्यंत आठ उत्तरं आली. दोघांनी लिहिलं, ‘सोमवार आहे, मला शाकाहारी.’ नववं उत्तर येईना म्हणून फोन केला, त्यांचाही सोमवारच निघाला. रात्री काकींनी दोनाऐवजी पाच जणांचे वाल भिजवले.