वृत्तपत्राचं मास्टहेड: आधी 16 पिक्सेल, मग पहिलं पान

मास्टहेड, म्हणजे पहिल्या पानाच्या माथ्यावरचं वृत्तपत्राचं नाव, करायला बसलं की बहुतेक जण पानभर रुंदीचं नाव रेखाटतात. वेलांट्या फिरवतात, शिरोरेषा सजवतात, संपादकांना दाखवतात आणि सगळं पसंत पडल्यावर तेच नाव लहान करत करत वेबसाइटच्या टॅबमध्ये बसवायला जातात. तिथे उरतो एक काळा ठिपका. काम उलट्या टोकाने सुरू केलं तर ही वेळ येत नाही. ब्राउझरच्या टॅबमधलं चिन्ह 16 बाय 16 पिक्सेलच्या चौकोनात दिसतं. त्या चौकोनात तग धरेल अशी एक खूण आधी शोधायची आणि मोठं नाव तिच्याभोवती उभं करायचं.

समजा, नाव आहे 'दवंडी'.

पहिली पायरी: अक्षर निवडा

पूर्ण नाव 16 पिक्सेलमध्ये बसणार नाही, हे मान्य करून टाकू. एकच अक्षर घ्यायचं आहे. आलेखाचा कागद घ्या, 16 बाय 16 घरं आखा आणि चारही बाजूंनी दोन-दोन घरं मोकळी सोडा. हातात उरतात 12 ओळी. रेषा एका पिक्सेलची केली आणि ती घरात नेमकी बसली नाही तर पडद्यावर फिकट करडी पडते, म्हणून जाडी किमान दोन पिक्सेल धरा. अक्षराच्या पोटातली मोकळी जागाही दोनच.

'डी' घेऊन पाहा. शिरोरेषेच्या वर वेलांटीसाठी चार-पाच ओळी जातात आणि खालच्या 'ड'ला श्वास घ्यायला जागा उरत नाही. 'वं' कसाबसा बसतो, पण त्याचा अनुस्वार चिन्हाच्या वरच्या कडेला असा येतो की न वाचलेल्या संदेशाची सूचना आल्यासारखं वाटतं. उरला 'द'. त्याचा हिशेब असा: शिरोरेषा 2, खालचा छोटा दांडा 2, पोटाची वरची रेषा 2, पोकळी 2, खालची रेषा 2, शेपूट 2. बरोबर 12. डोक्यावर काही नसलेलं अक्षर मिळालं तर ते सोडू नका.

पण 'द'मध्ये एक धोका आहे. ट, ढ आणि द यांचा सांगाडा सारखाच: वर रेषा, मग छोटा दांडा, मग गोल पोट. लहान आकारात शेपूट विरलं की 'द'चा 'ट' होतो, फार तर 'ढ'. म्हणजे 'द' ज्या गोष्टीमुळे 'द' आहे ती शेपटी हीच आपली खूण. ती नेहमीपेक्षा जाड करा आणि उजवीकडे तिरकी खाली न्या. सजावटीचा विचार इथे आपोआप मिटतो, कारण वाचनासाठी जे हवंच आहे त्यातूनच वेगळेपण येतं.

न्यूयॉर्क टाइम्सने हेच केलं आहे. त्यांच्या छोट्या चिन्हात त्यांच्या जुन्या वळणाच्या लिपीतला एकटा 'टी' असतो. 1967 साली त्यांनी नावाच्या शेवटी असलेला पूर्णविराम काढून टाकला, तरी मास्टहेड ओळखू यायचं थांबलं नाही. ओळख अक्षरांच्या वळणात होती, त्या टिंबात नव्हती.

दुसरी पायरी: मोठं नाव त्या शेपटीभोवती रेखाटा

आता पानभराच्या आकाराकडे या. इथे 'द'ची शेपटी लांबवून 'वं'च्या खालून सरकवता येते. 'डी'च्या वेलांटीचं टोक त्याच कोनात कापा, म्हणजे दोन टोकं एका हाताची वाटतील. तिसरीकडे तीच लकब वापरू नका. मग ती खूण राहत नाही, नक्षी होते. 'दैनिक' हा शब्द हवा असेल तर तो वेगळ्या साध्या अक्षरात, सहज काढून टाकता येईल असा ठेवा. मोबाइलवर तो लागणारच नाही.

मोठं नाव लहान करून काम भागवू नका. तीन चित्रं वेगवेगळी काढा: छपाईचं, वेबसाइटच्या पट्टीचं आणि चिन्हाचं. आकार उतरेल तशी शेपटी आखूड आणि जाड होते, पोकळी मोठी होते, बारीक-जाड रेषांमधला फरक कमी होतो. तिन्ही शेजारी ठेवली तर सारखी दिसणार नाहीत. एकाच घरातली दिसली की झालं.

तिसरी पायरी: कागदावर पडताळा

वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. पडद्यावरची बारीक रेषा छापल्यावर जाड होते आणि अक्षराची पोटं भरत जातात. काळ्या पट्टीत पांढरं नाव असेल तर उलटं होतं: शाई आत सरकते आणि पांढऱ्या रेषा बारीक होतात, म्हणून तिथे त्या मुद्दाम जाड ठेवाव्या लागतात. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर नावाची फोटोकॉपी काढा, त्या प्रतीची पुन्हा काढा, असं तीनदा करा. 'वं'चा अनुस्वार शिरोरेषेला चिकटला तर अंतर वाढवा.

लाल रंगाचा मोह आवरा, निदान बारीक रेषांपुरता. चार रंगांच्या छपाईत लाल हा मॅजेंटा आणि पिवळा एकावर एक छापून तयार होतो. प्लेट केसभर सरकली की अक्षराच्या एका कडेला गुलाबी आणि दुसऱ्या कडेला पिवळी झालर दिसते. एका साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात मी हे करून बसलो होतो. लाल नावाला बारीक पांढरी किनार दिली होती. निम्म्या प्रतींमध्ये किनारच गायब. कागदावर नाव काळं छापा. रंग हवाच असेल तर नाव जाड, सपाट आणि किनारीशिवाय ठेवा.

शेवटी अंक घडी घालून दोन मीटरवर ठेवा. स्टॉलवर तो घडीतच दिसतो, इतर अंकांच्या रांगेत.

चौथी पायरी: पडद्यावर बसवा

मोबाइलवरच्या पट्टीसाठी नाव एसव्हीजी फाइलमध्ये द्या आणि त्याआधी अक्षरांचं रेषांमध्ये रूपांतर करून घ्या. नाहीतर वाचकाच्या फोनमध्ये तुमचा फॉन्ट नसेल तेव्हा भलत्याच वळणाचं नाव दिसेल. गडद पार्श्वभूमीसाठी पांढरी आवृत्ती वेगळी काढा. पडद्यावर काळ्यावरचं पांढरं अक्षर डोळ्याला जरा जाड भासतं, तेव्हा ते किंचित बारीक करा. छपाईच्या नेमकं उलट.

समाजमाध्यमांवरचं प्रोफाइल चित्र बहुतेक ठिकाणी गोल कापलं जातं. वर्तुळात मावणाऱ्या चौकोनाची बाजू व्यासाच्या सुमारे 70 टक्के असते. म्हणजे 400 पिक्सेलच्या चित्रात 'द' 280 पिक्सेलच्या आत हवा. देवनागरीत हे जास्त सांभाळावं लागतं, कारण शिरोरेषेची दोन्ही टोकं नेमकी वरच्या कोपऱ्यांत जातात आणि तीच आधी कापली जातात. टॅबमधलं चिन्ह कापलं जात नाही, म्हणून तिथे कडेची जागा कमी चालते. एकच फाइल दोन्हीकडे टाकू नका.

वेबसाइटवर चिन्ह असं जोडतात:

```html
<link rel="icon" href="/favicon.ico" sizes="16x16 32x32">
<link rel="apple-touch-icon" href="/icon-180.png">
```

`favicon.ico`मध्ये 16 आणि 32 पिक्सेलची दोन चित्रं एकत्र ठेवता येतात. नव्या, दाट पडद्यांवर 32चं वापरलं जातं. साध्या मॉनिटरवर मात्र 16चंच, म्हणून ते पिक्सेल न् पिक्सेल हाताने बसवलेलं हवं.

आता पंधरा टॅब उघडा, आपलं चिन्ह मधे कुठेतरी ठेवा आणि या कामाशी संबंध नसलेल्या कुणालातरी विचारा: हे कोणतं अक्षर? 'ट' म्हणाले, तर शेपटी अजून एक पिक्सेल लांब करा. त्यासाठी दांड्याची एक ओळ कमी करावी लागली तरी चालेल.