स्पीड ९५, तरी आरती अडकायची: माझा अनुभव

आम्ही फोंड्याला राहतो, चवथीच्या आधीची गोष्ट. आई रोज संध्याकाळी टीव्हीवर लाईव्ह आरती बघते, ती दर दोन मिनिटांनी अडकायची आणि स्पीड टेस्ट मात्र १०० च्या प्लॅनवर ९५ दाखवायची, कंपनीवाले म्हणायचे लाईन ठीक आहे. शेवटी लॅपटॉप वायरने राउटरला जोडला, म्हणजे वायफायचा संशयच नको, आणि आरती अडकत असतानाच विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्यांत हे चालवलं, पहिलं राउटरला आणि दुसरं बाहेर गूगलच्या सर्व्हरला ३०० छोटी पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघतं:

```
ping -n 300 192.168.1.1
ping -n 300 8.8.8.8
```

साधारण पाच मिनिटं लागतात. राउटरपर्यंत ३०० पैकी एकही पॅकेट हरवलं नाही, बाहेर मात्र २१ हरवली, म्हणजे ७ टक्के, आणि तेही सलग चार-पाच असे. म्हणजे घरातलं ठीक, बिघाड पुढे. स्पीड टेस्ट थोडे सेकंदच चालते आणि एकदम बरीच कनेक्शन उघडते, त्यामुळे एक मंदावलं तरी बाकीची आकडा भरून काढतात. व्हिडिओ बहुतेक एकाच कनेक्शनवर येतो, पॅकेट हरवलं की ते कनेक्शन वेग कमी करतं, आणि लाईव्हमध्ये बफर काही सेकंदांचाच असतो.

एक सांगतो, tracert ही कमांड वाटेतले टप्पे दाखवते, तिच्यात मधल्याच एका टप्प्यावर लॉस दिसला तर घाबरू नका, काही राउटर पिंगला मुद्दाम कमी उत्तर देतात, शेवटच्या टप्प्यापर्यंत लॉस पोचतो का ते बघा.

हे स्क्रीनशॉट दाखवल्यावर लाईनमन आला, माडाचं चुडत पडून फायबर खांबाजवळ दुमडली होती. तेवढा तुकडा बदलला. परत ३०० पिंग, लॉस शून्य.