बाळ झाल्यावर त्याच इमारतीत मोठा फ्लॅट कसा मागावा

पुण्यातलं एक उदाहरण घेऊ. तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, भाडं 18,000, डिपॉझिट 60,000. बाळ झालं, मदतीला आजी राहायला आली आणि जागा पुरेना. पाचव्या मजल्यावर त्याच मालकांचा टू बीएचके रिकामा होतोय, भाडं 26,000 आणि डिपॉझिट एक लाख.

आधी आपला लिव्ह अँड लायसन्स करार काढून लॉक-इन कधी संपतं आणि नोटीस किती दिवसांची आहे ते बघा. लॉक-इन बाकी असेल, तर आपण हक्काने नाही, विनंतीने बोलतोय हे लक्षात ठेवा. तेव्हा जुन्या फ्लॅटसाठी भाडेकरू शोधून द्यायची तयारी दाखवा. मालकांना खरी काळजी फ्लॅट रिकामा पडण्याची असते.

मग मेसेज करा: “काका, नमस्कार. बाळ झाल्यापासून जागा कमी पडतेय. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला मिळू शकेल का? भाडं आजवर वेळेवर दिलं आहे. खालच्या फ्लॅटसाठी माणूस शोधायलाही मदत करू. रविवारी भेटायला येऊ का?” भाड्याची घासाघीस मेसेजवर नको, ती समोर बसून करा.

भेटीत डिपॉझिटचा विषय स्पष्ट करा. जुने 60,000 नव्या फ्लॅटकडे वळवून वरचे फक्त 40,000 द्यायचे, असं ठरवता येतं. पण रंगाचे, दुरुस्तीचे पैसे कापणार असतील तर जुना फ्लॅट एकत्र पाहून आकडा त्याच दिवशी ठरवा. हे राहून गेलं की कपातीवरून वाद पुढच्या करारापर्यंत लांबतो.

“इमारत तीच, मालक तेच, नवा करार कशाला?” असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. फ्लॅट बदलला की नवा करार हवा. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. त्यासाठी अकरा महिन्यांचं भाडं 2,86,000 आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, सुमारे 9,167, यांची बेरीज करतात. शुल्क साधारण 740 रुपये येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, एजंटचे पैसे वेगळे. जुना करार कोणत्या तारखेला संपला आणि चावी कधी परत दिली, हेही मालकांच्या सहीने लिहून घ्या. मुदत संपूनही ताबा न सोडल्यास दुप्पट भाडं मागता येतं, म्हणून ही तारीख महत्त्वाची.

वरच्या फ्लॅटचे मालक वेगळे असतील तर डिपॉझिट वळवता येणार नाही. जुनं हातात येण्याआधी नवं भरावं लागेल, तेवढी रक्कम बाजूला हवी.

रंगकाम तुम्ही जाण्याच्या निदान दोन आठवडे आधी संपवायला सांगा, म्हणजे बाळाला वास लागणार नाही. खिडक्यांना आणि बाल्कनीला ग्रिल आहे का, तेही सही करण्याआधी बघा. नसेल तर खर्च कोणाचा, ते करारातच लिहून घ्या. सामान हलवाल त्या दिवशी दोन्ही वीजमीटरच्या रीडिंगचे फोटो काढून मालकांना पाठवा, आणि नवा करार सोसायटीत व पोलीस पडताळणीसाठी दिला गेला का, ते विचारा.